ऑफिसातली पाच-सहा जणं, एक मोकळी संध्याकाळ, कोणालाच अनुभव नाही : पहिला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम कोणता घ्यावा?

मुक्ता
नमस्कार. आमच्या टीममधल्या पाच जणांना आणि मला टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम एकदा खेळून बघायचाय. आजवर कोणीच खेळलेलं नाही. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढेच तीन तास आहेत, आणि सगळ्यांना एकत्र मोकळी अशी संध्याकाळ पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. म्हणजे गोष्ट त्याच बैठकीत सुरू होऊन तिथेच संपली पाहिजे. प्रसंग मांडून खेळ पुढे नेणारा गेम मास्टर मीच होणार, कारण कल्पना माझी. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम वाचायला घेतले, पण चाळीसेक पानांनंतरही पात्र कसं बनवायचं इथेच अडकले आहे. तुम्ही काय सुचवाल?

अभिजित७७
डंजन्स अँड ड्रॅगन्सच घ्या. १९७४ पासून चालत आलेला गेम आहे, बाकीचे सगळे त्यातूनच निघाले. पात्रं बनवायच्या भानगडीत पडू नका. २०१४ चा स्टार्टर सेट मिळाला तर त्यात तयार पाच पात्रं आहेत आणि एक साहसकथाही आहे. पात्रं वाटा आणि सुरू करा. एका संध्याकाळीत ती कथा होऊन जाते.

सुलभाताई
मुक्ता, आमच्याकडे प्रशिक्षणात रोल-प्ले घेतात. एक जण चिडलेला ग्राहक होतो, दुसरा त्याला समजावतो, बाकीचे निरीक्षण लिहितात. दहा-दहा मिनिटांचे सहा प्रसंग लिहून ठेव, म्हणजे सगळ्यांची पाळी येईल. फासे कशाला हवेत त्यात?

मुक्ता
सुलभाताई, हे प्रशिक्षण नाही हो, निव्वळ खेळ आहे. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची. आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि जे जमेल की नाही याची खात्री नाही ते फाशांवर सोडायचं. पण सगळ्यांची पाळी यायला हवी, हे तुमचं म्हणणं लक्षात ठेवते.

वामन_सूत्रधार
अभिजित, तयार पात्रं वापरायची हे अगदी बरोबर. पण त्या सेटमधली कथा पात्रांना पहिल्या पातळीवरून पाचव्यापर्यंत नेते, तिला अनेक बैठका लागतात. एका संध्याकाळीत सुरुवातीचा रस्त्यावरचा गॉब्लिनांचा हल्ला आणि त्यानंतरची गुहा एवढंच बसतं, तेही गेम मास्टर सराईत असेल तर. शिवाय पहिल्या पातळीचा जादूगार दोन घावांत आडवा होतो. आयुष्यातल्या पहिल्याच खेळात अर्ध्या तासात आडवं होऊन बाकीच्यांकडे बघत बसलेला माणूस मी पाहिलाय. तो परत आला नाही.

मुक्ता, तुमच्याकडे कमी आहे तो वेळ. नवख्या पाच जणांच्या लढाईत एक फेरी पूर्ण व्हायला सहज दहा मिनिटं जातात, कारण प्रत्येक जण कागदावर शोधत असतो की कोणता फासा टाकू, त्यात काय मिळवू. अशा चार फेऱ्या म्हणजे चाळीस मिनिटं, आणि तेवढ्यात गोष्ट एक पाऊलही पुढे सरकलेली नसते. म्हणून पहिल्या खेळाला नियम एका पानात मावणारे असावेत आणि पात्र पाच मिनिटांत उभं राहावं.

माझं मत लेझर्स अँड फीलिंग्जला. जॉन हार्परने २०१३ मध्ये काढलेला, एका पानाचा, फुकट मिळणारा गेम. लागतात फक्त साधे सहा बाजूंचे फासे. तुम्ही रॅप्टर नावाच्या अवकाशयानावरचे कर्मचारी. यानाच्या कॅप्टनला एका विचित्र शक्तीने ग्रासलंय, तो औषधोपचाराच्या पेटीत बेशुद्ध पडलाय, आणि समोर आलेलं संकट आता तुम्हालाच निस्तरायचंय.

प्रत्येक पात्राला एकच आकडा, २ ते ५ मधला, खेळाडूने स्वतः निवडलेला. यंत्रं, शस्त्रं, तर्क, थंड डोक्याने केलेलं काम म्हणजे लेझर. तिथे आकड्यापेक्षा कमी पडलं की यश. माणसं, भावना, अंतःप्रेरणा, आवेश म्हणजे फीलिंग. तिथे आकड्यापेक्षा जास्त पडलं की यश. याशिवाय पात्राचा स्वभाव, यानावरचं काम आणि एक इच्छा पानावरच्या यादीतून निवडायची, आणि सगळ्यांनी मिळून यानाचे दोन गुण व एक खोट ठरवायची. झाली तयारी.

गिरीश_म
मग सगळ्यांनी ५ च घ्यावा ना? लेझरला पाचपेक्षा कमी म्हणजे सहापैकी चार वेळा यश. आकडा मोठा तेवढं पात्र तगडं.

वामन_सूत्रधार
नाही गिरीश. लेझरचं गणित थोडं आणखी वर जातं, कारण नेमका आपलाच आकडा पडला तर तेही यश धरतात. म्हणजे ५ वाल्याला लेझरमध्ये सहापैकी पाच. पण फीलिंगमध्ये त्याच्याकडे फक्त ५ आणि ६ उरतात, सहापैकी दोन. २ वाल्याचं बरोबर उलट. सगळ्यांनी ५ घेतला तर दारं उघडतील, इंजिनं दुरुस्त होतील, पण घाबरलेल्या माणसाशी बोलायला एकही जण धड नसेल. पाचांत निदान दोघं २ किंवा ३ वाली असू द्या.

आणि नेमका आकडा पडण्याची मजा वेगळीच आहे. तेव्हा खेळाडू गेम मास्टरला एक प्रश्न विचारू शकतो आणि गेम मास्टरने खरं उत्तर द्यायचं असतं. नवख्यांच्या टेबलावर सगळ्यात चांगल्या गोष्टी मला याच प्रश्नांतून मिळाल्यात.

गिरीश_म
ठीक. आणि एका वेळी फासे किती?

वामन_सूत्रधार
मूळ एक. आधीपासून तयारीत असाल तर आणखी एक. त्या कामात तरबेज असाल तर अजून एक. कोणी मदत करत असेल तर त्याने आधी कशी मदत करतो ते सांगून स्वतःचा फासा टाकायचा, आणि तो यशस्वी झाला तर तुम्हाला एक जादा. मग यशस्वी फासे मोजायचे. एकही नाही तर प्रकरण बिघडतं. एक असेल तर कसंबसं जमतं, पण काहीतरी किंमत मोजावी लागते. दोन असतील तर काम नीट होतं. तीन म्हणजे मागितलं त्याहून जास्त मिळतं.

गिरीश_म
थांबा, म्हणजे एकच फासा टाकणाऱ्याला काम नीट होणं शक्यच नाही? फार तर एक यश, म्हणजे कसंबसं.

वामन_सूत्रधार
शाब्बास, या गेमची गोम तीच आहे. बरेच जण वाचताना ते ओलांडून जातात. ४ आकड्याचं पात्र लेझरचं काम एका फाशाने करेल तर तीनांत दोनदा कसंबसं जमेल आणि तीनांत एकदा बिघडेल. तेच दोन फाशांनी केलं तर नऊपैकी चारदा नीट, चारदा कसंबसं आणि एकदाच बिघाड. म्हणजे तयारी केली की बिघाडाची शक्यता तिसऱ्या हिश्श्यावरून नवव्या हिश्श्यावर येते. हे खेळाडूंना पहिल्या दहा मिनिटांत कळलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक जण उठसूट एकेक फासा टाकत बसतो, यानावर संकटांचा ढीग साचतो, आणि लोकांना वाटतं गेमच निर्दय आहे.

रेवती
मी वेगळंच सांगते, कारण मी यातून गेले आहे. गेम कोणता हा आमच्याकडे प्रश्न नव्हताच. आमच्या टेबलावर टीम लीडही होता. माणूस चांगला, पण तो बोलला की बाकीचे माना डोलवायचे. दोन तास आम्ही त्याच्या योजना पार पाडल्या. एक सहकारी तर अख्ख्या संध्याकाळीत तीन वाक्यं बोलली. मुक्ता, तुझ्या पाचांत असं कोणी आहे का?

मुक्ता
आहे. टीम लीड आहेत. आणि एक जण अशीही आहे जी मीटिंगमध्येसुद्धा विचारल्याशिवाय बोलत नाही.

वामन_सूत्रधार
रेवतींनी नस बरोबर पकडली. लेझर्स अँड फीलिंग्जचा इथे एक फायदा आहे. कॅप्टन बेशुद्ध आहे, त्यामुळे हुकूम देणारं कोणी नाही. पण पात्राच्या इच्छांच्या यादीत कॅप्टन होणं हीही एक इच्छा आहे. ती लीडना देऊ नका. 'तुम्हाला ऑफिसात रोज ठरवावं लागतं, इथे दुसरी घ्या,' असं सरळ सांगा, बहुतेकांना ते आवडतं.

दुसरं म्हणजे 'आता काय करता?' हा प्रश्न सगळ्या टेबलाला विचारू नका, त्याला उत्तर नेहमी तोच एक जण देतो. नाव घेऊन, त्या पात्राला थेट दिसेल असं काही दाखवून विचारा. 'डॉक्टर, या माणसाची बुबुळं हलत नाहीयेत हे फक्त तुझ्या लक्षात आलंय. काय करतेस?' आता बाकी कोणाला उत्तर देताच येत नाही.

अभिजित७७
पण मग गेम मास्टरवर भार किती! त्यापेक्षा गेम मास्टर नसलेला गेम का नको? फॉर द क्वीन. पत्ता उचलायचा, त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, बस्स.

वामन_सूत्रधार
अॅलेक्स रॉबर्ट्सचा, २०१९ चा. सुंदर गेम आहे, तासा-दीड तासात होतो, आणि पाळी आपोआप फिरते. मला अडचण एवढीच वाटते की त्यातले प्रश्न थेट मनाला भिडतात. राणीवर तुमचं प्रेम का आहे, तिने तुम्हाला कुठे दुखावलं. मित्रांत ते रंगतं. उद्या सकाळी ज्यांच्याशेजारी बसून काम करायचंय त्यांच्यासमोर काही जण मिटून जातात. तिथे लपायला फासेही नसतात.

रेवती
मला नाही पटत. अबोल माणसाला पत्ताच जास्त सोयीचा. पत्त्याने विचारलं म्हणजे उत्तर देणं ही तिची पाळीच, तिला कोणाचं बोलणं तोडून मध्ये घुसावं लागत नाही. आमच्या त्या सहकारीला तोच गेम दिला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

वामन_सूत्रधार
शक्य आहे. मी तो ऑफिसच्या गटात दोनदाच खेळवलाय, दोन्ही वेळा शांतता जड झाली. पण दोन म्हणजे काही फार नाही.

मुक्ता
मी लेझरकडे झुकते आहे. पण गेम मास्टर म्हणून नेमकं काय बोलायचं ते डोळ्यांसमोर येत नाहीये. एखादा प्रसंग खेळून दाखवाल का?

वामन_सूत्रधार
दाखवतो. पानावर संकट ठरवायचे तक्ते आहेत, फासे टाकून संकट काय आणि त्याला काय हवंय ते निघतं. समजा मेंदूत शिरणारे परग्रही किडे आले. त्यांची नुसती नावं सांगू नका. त्यांनी आधीच काहीतरी केलंय त्याच्या खुणा दाखवून सुरुवात करा. 'रॅप्टर एका संशोधन केंद्राला लागलंय. आत दिवे आहेत, संदेशाला उत्तर नाही. दार आतून जाम केलंय.' एवढं बोलून थांबा. बैठक कशी झाली, प्रवास कसा झाला, यात एक मिनिटही घालवू नका.

इंजिनिअरचा आकडा ५. ती म्हणते, दाराची वीज बाहेरून फिरवते. हे लेझर. अवजारं आणली आहेत, म्हणून तयारीचा एक, विजेच्या कामात तरबेज म्हणून एक, असे तीन फासे. पडले २, ६ आणि ५. दोन पाचपेक्षा कमी, यश. सहा वाया. पाच नेमका आकडा, म्हणजे हेही यश आणि वर प्रश्न. दोन यशं, दार आवाज न होता उघडतं. ती विचारते, 'पलीकडे कोण आहे?' तुम्ही खरं सांगायचं : 'तीन माणसं उभी आहेत. तिघंही श्वास एकाच वेळी घेताहेत.'

आता पायलट, आकडा ४, त्यांच्याशी गोड बोलायला जातो. हे फीलिंग. तयारी नाही, तरबेज नाही, एकच फासा. पडला ३, चारपेक्षा कमी, एकही यश नाही. इथे नवखा गेम मास्टर म्हणतो, 'ते काही ऐकत नाहीत.' आणि टेबल थंड पडतं, कारण काहीच बदललं नाही. फासा पडला की परिस्थिती बदललीच पाहिजे, चांगली किंवा वाईट. म्हणून सांगा : 'तिघं एकदम हसतात. मधला तुझा हात हातात घेतो. त्याच्या कानातून काहीतरी बारीक, ओलसर बाहेर डोकावतंय, तुझ्या मनगटाच्या दिशेने. काय करतोस?' किडा अजून चावलेला नाही हे लक्षात घ्या. घाव घालायच्या आधी त्याची चाहूल द्यायची आणि खेळाडूला एक संधी द्यायची. ती संधी न देता थेट 'किडा मेंदूत शिरला' म्हटलंत तर तो खेळाडू तुमच्यावर रुसेल, आणि त्याचं चुकलेलं नसेल.

फासे कधी टाकायचे नाहीत हेही सांगतो. उघडं दार, रिकामी खोली, समोर पडलेली वही, यांना फासे नकोत. जिथे दोन्ही शक्यतांतून काहीतरी घडणार आहे तिथेच टाका. माझ्या टेबलावर तीन तासांत साधारण वीस-पंचवीस वेळा फासे पडतात.

वेळेचं म्हणाल तर पात्रं आणि यान वीस मिनिटांत. मग मधले प्रसंग. आणि पावणेनऊला घड्याळ बघून शेवटाकडे वळायचंच, गोष्ट कुठेही असो.

रेवती
एक भर घालते. टेबलाच्या मध्ये फुली काढलेलं एक कार्ड ठेव. कोणाला एखादी गोष्ट नको वाटली तर कार्डाला हात लावायचा, ती गोष्ट काढून टाकायची, कारण विचारायचं नाही. जॉन स्टाव्ह्रोपोलोसने सुरू केलेली पद्धत आहे, एक्स-कार्ड म्हणतात. मेंदूत शिरणारे किडे सगळ्यांना झेपतीलच असं नाही.

अभिजित७७
ओळखीच्या माणसांत कार्ड कशाला? नको असेल तर तोंडाने सांगतील की. कार्ड ठेवलं की लोक उगाच बावरतात, आता काय भयंकर होणार म्हणून.

रेवती
ओळखीच्या म्हणूनच. टीम लीडसमोर 'मला हे नको' तोंडाने म्हणणं सगळ्यांना जमत नाही.

वामन_सूत्रधार
मी ठेवतो. हात लागलेला क्वचितच पाहिलाय. अभिजित म्हणतात तसं सुरुवातीला अवघडलेपण येतं हेही खरं, म्हणून मी ते गेम मास्टर म्हणून स्वतःच एकदा वापरून दाखवतो.

मुक्ता (दोन आठवड्यांनी)
खेळलो! सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

सुरू व्हायलाच पंचवीस मिनिटं उशीर झाला. पात्रं मात्र पंधरा मिनिटांत झाली. टीम लीड सैनिक झाले, आकडा ५. आमची अबोल मैत्रीण दूत झाली, आकडा २. यानाची खोट म्हणून सगळ्यांनी 'औषधोपचाराची पेटी एकच' ही निवडली. तेव्हा ती कोणालाच मोठी वाटली नाही.

संकट मी वामनकाकांचेच किडे घेतले. तासाभराने सैनिकाने एकच फासा टाकून भिंत फोडायचा प्रयत्न केला, ६ पडला. मी चाहूल दिली, त्यांनी पुन्हा एकाच फाशाने झटकायला बघितलं, पुन्हा ६. किडा शिरला. डॉक्टर म्हणाला, याला पेटीत घाला. आणि सगळे एकदम गप्प झाले, कारण पेटी एकच आणि तिच्यात कॅप्टन. त्याला बाहेर काढलं तर तो ज्याने ग्रासलाय ते सुटणार.

ती पंधरा मिनिटं मी फक्त ऐकत होते. शेवटी दूत म्हणाली, पेटी उघडायची नाही, मी किड्याशीच बोलते. लीड सैनिकाच्या तोंडून किडा म्हणून उत्तरं देत होते आणि ती त्यांना एकेक प्रश्न विचारत होती. फीलिंग, बोलणी करण्यात तरबेज, डॉक्टरची मदत यशस्वी, तीन फासे. ३, ५ आणि २. तीन यशं, त्यातलं एक नेमका आकडा. तिचा प्रश्न होता, 'तुला घरी जायचंय का?' मी खरं उत्तर दिलं, हो. तिथून शेवट आपोआप सुचला.

चुकलेलंही सांगते. मदतीचा नियम मला दीड तासाने आठवला, तोवर सगळे एकेक फासाच टाकत होते. मध्ये वीसेक मिनिटं केंद्राचा नकाशा काढण्यात गेली, त्याचा काही उपयोग झाला नाही. आणि शेवटचा प्रसंग पाच मिनिटांत उरकावा लागला, कारण पावणेनऊला मी घड्याळ बघितलंच नाही. कार्ड ठेवलं होतं. एकाने किडा डोळ्यातून बाहेर येण्याच्या वर्णनाला हात लावला, मी कान म्हटलं, आणि खेळ पुढे गेला.

एक शंका. मदत करणाऱ्याचा फासा फुकट गेला तर काय? नुसता जादा फासा मिळत नाही, की त्याचंही काही बिघडतं?

वामन_सूत्रधार
तुमचा प्रसंग वाचून फार आनंद झाला. पेटी एकच असण्यातून निघालेला पेच मीही कधी टेबलावर पाहिला नव्हता.

शंकेचं म्हणाल तर मी बिघडवतो. फासा पडला म्हणजे काहीतरी बदललं पाहिजे, हा नियम मदतीलाही लागू, असं मी धरतो. मदत करणारा स्वतः अडचणीत येतो.

रेवती
मी नाही बिघडवत. नवखी माणसं मग मदतच करेनाशी होतात, आणि मदत आटली की सगळे पुन्हा एका फाशावर. पहिल्या खेळात तरी मदत फुकटच असू द्यावी.

गिरीश_म
दोघांचं गणित करून बघतो. ४ आकड्याच्या पात्राने लेझरमध्ये मदत केली तर तीनांत एकदा ती फसते. तिथे प्रत्येक वेळी बिघाड धरला तर मदतीचा फायदा उरतो का, हे मुख्य काम करणाऱ्याकडे आधी किती फासे आहेत त्यावर ठरेल. मुक्ता, मदत आठवल्यानंतर ती किती वेळा झाली आणि किती फसली, काही आठवतं का?

मुक्ता
चारदा झाली, एकदा फसली. तेव्हा मी काहीच बिघडवलं नव्हतं. पुढच्या खेपेला वामनकाकांसारखं करून बघते. दूत झालेल्या मैत्रिणीनेच पुढची तारीख विचारली आहे, आणि या वेळी गेम मास्टर तिला व्हायचंय.